रोजची एक ओळ: चोपडी आणि प्रबंध

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून सुरू. माझ्याकडे घरातली एक मोडी चोपडी आहे, लाल कापडाच्या बांधणीची. पणजोबांच्या वडिलांची रोजकीर्द. पहिल्या पानावर शके १८१०, सर्वधारी नाम संवत्सर, म्हणजे इ.स. १८८८. एकूण ६४ पानं. मोडीचा वर्ग करून मला दोन वर्षं झाली, चोपडी मात्र कपाटातच आहे. पाडव्यापर्यंत ४८ पानांचं बाळबोधीत लिप्यंतर करायचं ठरवलं आहे.

माझी मैत्रीण पुण्याला महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तिचा प्रबंध ऊसतोडणी कामगारांच्या स्थलांतरावर आहे. मुलाखती झाल्या, तीन प्रकरणं झाली, चौथं दीड वर्ष अडलं आहे. मी बँकेत, वाईला. आम्हा दोघींनाही संध्याकाळचा एखादा तास मिळतो आणि तो कुठे जातो ते कळत नाही.

ठरलं ते असं. रोज रात्री साडेनऊला एकमेकींना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ पाठवायची. ओळीत तीन गोष्टी असतील, आज काय झालं, कुठे अडलं आणि उद्या काय. समोरचीने उत्तरात एक तर फक्त ‘पोचलं’ लिहायचं, नाही तर एकच प्रश्न विचारायचा. कौतुक नको आणि धीर देणंही नको. हा आग्रह तिचा. तिच्या मते कौतुक सुरू झालं की आपण कौतुकासाठी ओळ लिहायला लागतो. दोघींच्या ओळी मी एका वहीत उतरवून ठेवणार आणि दर रविवारी त्या फोनवर वाचायच्या.

माझी पहिली ओळ: ‘आज चोपडी काढून पुसली, पानांना पेन्सिलने क्रमांक घातले. अडलं काही नाही. उद्या पान १.’

९ जानेवारी, गुरुवार

गेल्या दोन दिवसांच्या ओळी अशा.

मी: ‘पान १ बरंच झालं. काही शब्द लागत नाहीत. उद्या पुढे.’
ती: ‘वाचन चालू आहे. वेळ कमी पडला. उद्या प्रकरण ४ सुरू करते.’
मी: ‘पान १ जवळपास संपलं. उद्या पान २.’
ती: ‘थोडं वाचलं. उद्या प्रकरण ४ सुरू करते.’

आज वहीत उतरवताना लक्षात आलं की यातल्या एकाही ओळीवर प्रश्न विचारता येत नाही. ‘बरंच’ म्हणजे किती हे तिला कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. पान उघडून मोजलं. बावीस ओळींपैकी नऊ झाल्या होत्या. दोन दिवसांत नऊ.

१२ जानेवारी, रविवार

पहिलं रविवारचं वाचन. फोनवर तासभर गेला, पण उपयोग झाला.

पहिला बदल असा की चार शब्द बाद: बरंच, थोडं, जवळपास, चालू आहे. ओळीत आकडा हवा, आणि तो आकडा ज्या वस्तूचा आहे ती वस्तू फोटो काढून दाखवता आली पाहिजे. रोज दाखवायची नाही, पण मागितली तर दाखवता यावी. माझ्या बाबतीत हे सोपं होतं, लिप्यंतर केलेल्या ओळी. तिच्या बाबतीत वाद झाला. ती म्हणाली, शब्द मोजू, रोज ३०० शब्द. मी म्हटलं, अगं, शब्द वाढवायला काय लागतं? तूच म्हणतेस ना, मुलं परीक्षेत पुरवण्या भरतात म्हणून. शेवटी आठवडाभर शब्द मोजून बघायचं ठरलं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. हळदीकुंकवाला बायका होत्या, काम झालं नाही. मला ओळच पाठवावीशी वाटेना. साडेनऊ होऊन गेले. पावणेदहाला तिचा एक शब्द आला: ‘ओळ?’ मग पाठवली: ‘आज ०. उद्या पान २, ओळ ११ पासून.’ तिने लिहिलं, ‘पोचलं.’

शून्य पाठवायला जड जातं. पण ते पाठवलं की दिवसाची नोंद होते. न पाठवलेला दिवस नुसता मागे पडून राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं एकदम करू असं मन म्हणायला लागतं. वहीत नियम लिहिला: शून्य हीही ओळ आहे. ओळच नाही असं सलग दोन दिवस झालं, तर तिसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन करायचा.

१९ जानेवारी, रविवार

माझी साडेतीन पानं झाली. तिचे १,४०० शब्द, पण तिनेच त्यातले निम्मे खोडले. म्हणाली, तिसऱ्या प्रकरणातलंच पुन्हा लिहिलं होतं, आकडा भरायला. शब्द मोजणं बंद.

त्याहून महत्त्वाचं वहीत दिसलं. तिच्या ‘उद्या’मध्ये ‘प्रकरण ४ सुरू करणे’ हे शब्द तेरा दिवसांत सात वेळा आले आहेत, त्यातले चार सलग. रोजची ओळ एकेकटी वाचताना हे जाणवलं नव्हतं. एकाखाली एक उतरवल्यावर लगेच डोळ्यांत भरलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मला सुरू कुठून करायचं तेच माहीत नाही गं.’

दोघींनी मिळून ते काम फोडलं. चौथं प्रकरण उचलीवर आहे. हंगामाआधी मुकादम टोळीतल्या एकेका कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडणीचा हिशोब त्या जोडीवर चालतो. तिच्याकडे एकवीस मुलाखती उतरवलेल्या आहेत. मी विचारलं, या मुलाखतींत उचलीचा उल्लेख कुठे कुठे आहे याची यादी आहे का? नव्हती. म्हणून सोमवारचं काम असं लिहिलं: ‘मुलाखत १ काढायची, उचल हा शब्द जिथे जिथे आहे तिथे खूण करायची, किती खुणा ते कळवायचं.’ हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कुठून सुरू करायचं हा प्रश्नच त्यात उरत नाही.

आता नियम असा: एकच ‘उद्या’ तीनदा आला की ते काम तसंच पुढे ढकलायचं नाही, समोरचीने त्याचे तुकडे करून मागायचे. तीनदा येतं याचा अर्थ आळस असा नसतो. बहुतेक वेळा ते काम एका संध्याकाळीत मावणारं नसतं, किंवा त्याची पहिली पायरी ठरलेली नसते.

२३ जानेवारी, गुरुवार

आजची नोंद सविस्तर लिहिते.

पान ५ वर रोजकीर्दीतला एक दिवस आहे. वर मागील शिल्लक, मग जमा, मग खर्च, आणि खाली शिल्लक. माझं वाचन असं होतं. मागील शिल्लक ४१॥।, म्हणजे ४१ रुपये १२ आणे. जमा दोन, ६। आणि ३।. खर्च तीन, २= आणि १॥ आणि ५।. (ज्यांनी ही पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी: रुपया १६ आण्यांचा. उभी एक रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यानंतरच्या आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या, म्हणून २= हे दोन रुपये दोन आणे.)

हे सगळं मी लिहून काढलं आणि काल रात्री ओळ पाठवली: ‘पान ५, १४ ओळी. अडलं: शिल्लक जुळत नाही. उद्या पान ५ पूर्ण.’

तिचा प्रश्न आला: ‘कितीने?’

मी बेरीज केलीच नव्हती. कागदावर खाली ४२॥= आहे आणि मला ते जास्त वाटलं, एवढंच. आज संध्याकाळी बसून केली. शिल्लक ४१ रुपये १२ आणे, जमा ९ रुपये ८ आणे, मिळून ५१ रुपये ४ आणे. खर्च ८ रुपये १४ आणे. वजा जाता ४२ रुपये ६ आणे. कागदावर ४२ रुपये १० आणे. मी तिला कळवलं, ‘चार आण्यांनी.’

तिला मोडीचं एक अक्षर येत नाही. पण काल मी तिला रेघांचं सांगितलं होतं. तिने लिहिलं: ‘चार आणे म्हणजे बरोबर एक उभी रेघ ना? मग एक रेघ चुकली आहे.’

कागदावरची शिल्लक माझ्यापेक्षा जास्त, म्हणजे एक तर जमेतली एक रेघ माझ्याकडून सुटली, नाही तर खर्चात एक जास्त वाचली. मागील शिल्लक आदल्या पानावरून आलेली होती आणि तिथे ती स्पष्ट होती. राहिले पाच आकडे. दिवा जवळ घेऊन एकेक बघितला. जमेतला दुसरा आकडा पानाच्या घडीवर आहे. घडी हलकेच उघडून पान तिरकं धरल्यावर शाईचा वाळलेला फिका पट्टा दिसला. ती दुसरी रेघ. ३। नव्हे, ३॥. जमा ९ रुपये १२ आणे, एकूण ५१ रुपये ८ आणे, वजा ८ रुपये १४ आणे, बाकी ४२ रुपये १० आणे. जुळलं.

मला खूप आनंद झाला. १८८८ सालच्या एका संध्याकाळी दिव्याखाली बसून कुणीतरी हाच ताळा घातला होता, आणि आज त्याच रेघेपाशी मी पोचले.

२ फेब्रुवारी, रविवार

अकरा पानं. चार आण्यांच्या त्या दिवसापासून माझं मोजमाप बदललं. आता मी ओळी मोजत नाही, ताळा जुळलेले दिवस मोजते. रोजकीर्दीतला एक दिवस पूर्ण वाचून शिल्लक कागदाशी जुळली, तर एक. नाही जुळली तर फरकाचा आकडा ओळीत जातो. कालची ओळ: ‘पान ११, २ दिवस जुळले, तिसऱ्यात १ आणा कमी. उद्या तो आणा.’

यात दोन गोष्टी साधल्या. काम कुठे संपतं ते ठरलं. ओळी मोजत होते तेव्हा मी पानाच्या मध्येच कुठेही थांबत असे, आणि दुसऱ्या दिवशी संदर्भ लागायलाच वीस मिनिटं जायची. शिवाय स्वतःला फसवायला जागा राहिली नाही. ओळी लिहून काढल्या असं म्हणता येतं, जुळलं असं नुसतं म्हणून चालत नाही.

याला मर्यादा आहे, तीही नोंदवते. ताळा फक्त आकडे पकडतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, सगळं शिरोरेघेखाली एका ओघात लिहिलेलं. एखादं लांब नाव हे एकाच माणसाचं आहे की नाव आणि बापाचं नाव आहे, हे बेरजेतून कळत नाही. म्हणून शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह घालते आणि प्रश्नचिन्हांची संख्या ओळीत देते. ‘२ दिवस जुळले, प्रश्नचिन्हं ३.’ प्रश्नचिन्हं एकाएकी शून्यावर आली, तर मी घाई करते आहे असं समजायचं, हे तिला सांगून ठेवलं आहे.

तिचं मोजमापही आता बसलं आहे. उचलीच्या खुणा एकवीस मुलाखतींत मिळून १३७ निघाल्या. आता ती रोज एक परिच्छेद लिहिते आणि ओळीत त्या परिच्छेदाचं म्हणणं एका वाक्यात कळवते. कालचं वाक्य: ‘उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जावं लागतं, म्हणून कामगार तिला कर्ज म्हणतात, मुकादम पगार म्हणतो.’ मला त्या विषयातलं काही कळत नाही, पण हे वाक्य समजलं. ज्या दिवशी तिचं वाक्य मला समजत नाही त्या दिवशी मी ‘म्हणजे?’ एवढंच विचारते. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिचं उत्तर आलं की परिच्छेदच सरळ नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी सुचवलं होतं की शून्याच्या दिवशी ५० रुपये दंड ठेवू. डबा करू, पाडव्याला त्यातून दोघींना पुस्तकं. तिने नको म्हटलं आणि हैफाच्या पाळणाघरांची हकिकत सांगितली. ती हे वर्गात शिकवते.

इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं घेऊन उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. त्यांचा लेख २००० साली आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही पहिल्यासारखा खाली आला नाही. आधी पालकांना ताटकळलेल्या बाईंचा संकोच वाटत असे. दंड आला आणि उशिराला किंमत मिळाली. पैसे भरले, विषय संपला.

ती म्हणाली, ‘तुला शून्य पाठवताना जड जातं ना? पन्नास रुपयांत ते जड जाणं मला विकून टाकशील.’ दंड रद्द. शून्य लिहिणं आणि ते तिने वाचणं, एवढंच पुरे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पंधरा पानं. दोन आठवड्यांत फक्त चार.

वही बघून आधी मलाच कळेना. मग दोघींच्या शून्यांवर लाल टिंबं दिली. जानेवारीत तिची शून्यं आणि माझी शून्यं वेगवेगळ्या दिवशी होती. फेब्रुवारीच्या ५ तारखेपासून ती जोडीने यायला लागली आहेत. अकरा दिवसांत तिची सहा, माझी पाच, आणि माझ्या पाचातली चार तिच्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी.

कारण मला माहीत आहे. लिहून काढते.

५ तारखेला तिच्या आईला ताप आला, ती रोज संध्याकाळी तिकडे जायला लागली. तिची ओळ यायची ‘आज ०, आई.’ माझे त्या दिवशी तीन दिवस जुळले होते. तिच्या शून्याखाली माझे तीन टाकायला मला बरं वाटेना. मी लिहिलं, ‘१ दिवस जुळला.’ दोन लपवले. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालचे दोन शिल्लक आहेतच, आज नाही बसलं तरी चालेल. आणि बसले नाही. तिसऱ्या दिवशी ती लिहिते, ‘तुझंही होत नाहीये म्हणजे दिवसच तसे आहेत.’ तिला बरं वाटलं ते माझ्या खोट्या आकड्यामुळे. आठ दिवसांत आम्ही एकमेकींच्या शून्याला टेकून बसलो होतो.

हे सगळं मी आज तिला फोनवर सांगितलं. सांगताना आवाज कापत होता. ती रागावली नाही, पण म्हणाली, ‘मला तीन कळलं असतं तर मी आईच्या उशाशी बसून निदान एका मुलाखतीतल्या खुणा वाचल्या असत्या. मला वाटलं तूही थांबलीस.’

मी तिला सोबत म्हणून आकडा कमी केला होता. सोबत उलटी व्हायला हवी होती. तिची अडचण खरी होती, तर त्या दिवसांसाठी तिचं काम लहान करून मागायला हवं होतं, स्वतःचं लपवायचं नव्हतं.

ठरवलं ते दोन गोष्टींत बसतं. आकडा समोरचीचा बघून लिहायचा नाही, म्हणून आता दोघी नऊ पंचवीसला ओळ लिहून ठेवतो आणि साडेनऊच्या ठोक्याला पाठवतो, तिची येण्याआधी माझी गेलेली असते. आणि घरात अडचण असेल त्या काळापुरतं ‘लहान माप’ लावायचं, आधी जाहीर करून. तिचं लहान माप: मुलाखतीतल्या दोन खुणा वाचणं. माझं: चार ओळी.

लपवलेले दोन दिवस मी वहीत ५ तारखेच्या पुढे वेगळ्या शाईने लिहिले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तिच्या आईला आता बरं आहे. शून्यं पुन्हा आपापल्या दिवशी यायला लागली.

‘उद्या’चा भाग थोडा बदलला. नुसतं काम लिहिण्याऐवजी कशानंतर आणि कुठे हेही लिहितो. ‘उद्या कुकर लावल्यावर, जेवणाच्या टेबलावर, पान २३ चा दुसरा दिवस.’ पेटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा ठरवण्यावर काम आहे, ते तिच्या वाचनातलं. मला त्यातलं शास्त्र माहीत नाही. मला एवढं दिसलं की कुकर लावला की हात आपोआप चोपडीकडे जातो. ‘संध्याकाळी’ असं लिहायचे तेव्हा संध्याकाळ बातम्यांत जायची.

१२ मार्च, बुधवार

तीस पानं झाली.

मार्चअखेर सुरू झाली. शाखेत रोज साडेसात-आठ होतात. ‘लहान माप’ १० मार्च ते ३१ मार्च असं आधीच जाहीर केलं. रोज चार ओळी, म्हणजे ताळ्यापर्यंत पोचायला दोन-तीन दिवस लागणार. तिने विचारलेला प्रश्न चांगला होता: ‘चार ओळींवर थांबल्यावर दुसऱ्या दिवशी संदर्भ जाणार नाही का?’ जाईल. म्हणून थांबण्याआधी पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर पेन्सिलने लिहून ठेवते आणि तोवरची बेरीज समासात. कालची ४ ओळींची कच्ची बेरीज आज दोन मिनिटांत हाताशी आली.

गेल्या महिन्यात मी लहान माप न सांगता आकडा पाडला, या महिन्यात सांगून पाडला. फरक इतकाच की आता तिला माझा आकडा वाचून काही चुकीचं वाटत नाही.

२३ मार्च, रविवार

तिचं प्रकरण ४ आज मार्गदर्शकांकडे गेलं. ५८ पानं. तिने आजच्या ओळीत फक्त एवढंच लिहिलं: ‘प्रकरण ४ पाठवलं. अडलं काही नाही. उद्या सुट्टी, परवा प्रकरण ५ च्या खुणा, मुलाखत १.’

आमच्या नियमात कौतुक नाही. मी ‘पोचलं’ लिहिलं. मग रविवारच्या फोनवर, जिथे नियम नाही, तिथे तिला सांगितलं की त्या प्रकरणातली चाळीस-एक वाक्यं मी रात्री साडेनऊला एकेक करून वाचली आहेत आणि मला ती पाठ आहेत. ती रडली. मीही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून झाली. हिशोब मांडते. ठरवली होती ४८ पानं, झाली ३७. ८४ दिवसांत माझी शून्यं २१, त्यातली पाच फेब्रुवारीच्या ५ ते १५ तारखांमधली. न पाठवलेली ओळ एकही नाही. न जुळलेले दिवस चार आहेत, चारही पान २६ वरचे. तिथे कसरीने खाल्लेलं आहे आणि दोन आकडे गेलेच आहेत. ते तसेच रिकामे सोडले, ताळ्यातून उलटं काढून भरले नाहीत. शिल्लक जुळवण्यासाठी आकडा बसवला तर तो पणजोबांच्या वडिलांचा आकडा राहणार नाही.

प्रश्नचिन्हं एकूण ६१. त्यांच्यासाठी मोडीच्या वर्गातल्या बाईंकडे एप्रिलमधले दोन शनिवार मागितले आहेत.

उरलेली २७ पानं. एप्रिलमध्ये शाखेत गर्दी कमी असते, म्हणून मोठं माप पुन्हा लावते. रोज निदान एक दिवस जुळवायचा, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, ३० एप्रिलला, बारा-पंधरा पानं व्हावीत. चोपडी संपेल असं लिहीत नाही. आतापर्यंतचा वेग बघता ते खरं नाही.

साडेनऊ वाजत आले. ओळ लिहून ठेवली आहे:

‘पान ३७, १ दिवस जुळला, प्रश्नचिन्हं २. अडलं काही नाही. उद्या बँकेतून आल्यावर चहा झाला की, जेवणाच्या टेबलावर, पान ३८, चार ओळी.’